साप्ताहिक इंजेक्शनचे पहिले तीन महिने : डोस कधी वाढवायचा आणि मळमळ कशी सांभाळायची

टाइप टू डायबिटीससाठी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं, म्हणजे सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड, ड्युलाग्लुटाइड, आता इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांतल्या फ्रिजमध्ये सापडतात. टोचायला कोणाला फारसा त्रास होत नाही. सुई बारीक असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हात बसतो. गडबड होते ती दुसरीकडे. पहिल्या महिन्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून लोक डोस वाढवतात, ताट मात्र पूर्वीएवढंच वाढून घेतात. मग उलट्या सुरू झाल्या की ‘आपल्याला सोसत नाही’ म्हणून औषधच सोडून देतात. डायबिटीस एज्युकेटर म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची गोष्ट हीच असते, म्हणून हा क्रम सविस्तर लिहितोय.

उदाहरण सेमाग्लुटाइडचं घेतलंय. बाकी दोन औषधांचे आकडे वेगळे आहेत, पण वागण्याची रीत तीच. सोबत सुदामानगरच्या एका काकूंची केस आहे, काही तपशील बदलून. वय ५६, वजन ८४ किलो, तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारं एचबीए१सी ८.९. गोळ्या तीन : मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि सिटाग्लिप्टिन.

## टप्पा १ : पहिल्या इंजेक्शनआधी गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा

नुसतं ‘शुगरची गोळी चालू आहे’ असं सांगून भागत नाही. प्रत्येक पत्ता दाखवा, कारण काही गोळ्या या इंजेक्शनबरोबर बदलाव्या लागतात.

सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या शरीरातलंच इन्क्रेटिन, म्हणजे जेवल्यावर इन्सुलिन सोडायला लावणारं आतड्यातलं हार्मोन, टिकवून धरतात. इंजेक्शन तेच काम कितीतरी जोरात करतं, त्यामुळे दोन्ही एकत्र घेण्यात फायदा नाही. ही गोळी सहसा बंद होते. काकूंचीही झाली.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर जास्त सावध राहा. इंजेक्शन एकटं असेल तर शुगर फार खाली जात नाही, कारण रक्तात साखर वाढलेली असतानाच ते इन्सुलिन सोडायला लावतं. ग्लिमेपिराइड असा विचार करत नाही. तुम्ही अर्धी पोळी खाल्ली तरी ते पूर्ण जेवणाएवढं इन्सुलिन सोडवतं. म्हणून सुरुवातीलाच त्याचा डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना तुम्ही स्वतःहून विचारा. काकूंचा २ वरून १ मिलिग्रॅम केला.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर त्याचीही आठवण करून द्या. त्याचं कारण टप्पा ५ मध्ये येईल.

आधी हे सांगितलंय ना, ते तपासा : स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला होता का. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का. पित्ताशयात खडे आहेत का. डोळ्याच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली आहे का. हा शेवटचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात. पडद्यावर आधीच डायबिटीसचा परिणाम असेल आणि शुगर झपाट्याने खाली आली, तर काही दिवस तो त्रास वाढू शकतो. पडदा आधी दाखवून घ्या. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तेही आत्ताच बोला, कारण सेमाग्लुटाइड त्याच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं.

## टप्पा २ : वार ठरवा, जागा ठरवा

सेमाग्लुटाइड टोचल्यानंतर एक ते तीन दिवसांत रक्तात सगळ्यात जास्त असतं. मळमळ व्हायची तर बहुतेक तेव्हाच होते. म्हणून वार ठरवताना इंजेक्शनच्या दिवसापेक्षा त्यापुढचे दोन-तीन दिवस बघा. काकूंनी पहिल्यांदा गुरुवार धरला होता, दत्ताचा वार म्हणून. पण मग जोर शनिवार-रविवारी, आणि त्यांच्याकडे रविवारी सकाळी पोहे-जिलबी, रात्री पाहुणे. दुसऱ्या महिन्यात आम्ही सोमवार संध्याकाळ केली. वार बदलायला हरकत नसते. सेमाग्लुटाइडच्या दोन इंजेक्शनांत किमान दोन दिवसांचं अंतर हवं, टिर्झेपटाइडच्या तीन.

पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. एकदा गोठलेलं पेन पुन्हा वितळलं तरी टाकूनच द्यायचं. वापरायला काढल्यावर काही पेनं ठरावीक दिवस ३० अंशांपर्यंत बाहेर चालतात, ते दिवस पाकिटातल्या कागदावर असतात. इंदूरच्या मे महिन्यात मात्र बाहेरच्या खोलीत ३० अंश शोधूनही सापडणार नाहीत. फ्रिजच बरा.

पोटावर बेंबीपासून दोन बोटं दूर, मांडीवर किंवा दंडाच्या मागच्या बाजूला टोचा, आणि दर वेळी जागा थोडी बदला. सुई दर वेळी नवी. पेन नवरा-बायकोतही एकमेकांचं वापरायचं नाही, सुई बदलली तरी नाही.

सावधान : औषध पेनमधून न येता कुपीत आलं असेल आणि तुम्ही ते इन्सुलिनच्या सिरिंजने काढणार असाल, तर मिलिग्रॅम आणि युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्कं धरा. सिरिंजवरच्या रेघा द्रव किती ते दाखवतात, औषध किती ते नाही. ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे २५ युनिट असं कधीही गृहीत धरू नका. कितव्या रेघेपर्यंत भरायचं ते डॉक्टरांकडून किंवा फार्मासिस्टकडून कागदावर लिहून घ्या.

## टप्पा ३ : पहिले चार आठवडे, ०.२५ वर शांत बसा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू या.

०.२५ मिलिग्रॅम हा शुगर आटोक्यात आणायचा डोस नाहीच. पोट आणि मेंदू यांना औषधाची सवय व्हावी एवढ्यासाठी तो असतो. टिर्झेपटाइडमध्ये हेच काम २.५ मिलिग्रॅम करतं. त्यामुळे ‘चार आठवडे झाले, उपाशीपोटी शुगर १६८ ची १५५ झाली फक्त’ ही तक्रार नाही, अपेक्षेप्रमाणे चाललंय असा त्याचा अर्थ.

सवय कशाची? हे औषध पोटातलं अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतं. शिवाय मेंदूच्या बुडाशी उलटीची जाणीव सांभाळणारा जो भाग आहे, तिथेही ते पोचतं. पोट मंदावण्याचा हा परिणाम सुरुवातीला सर्वांत जोरात असतो आणि काही आठवड्यांत बराच ओसरतो. शुगरवरचा आणि भुकेवरचा परिणाम मात्र टिकतो. म्हणूनच आधी थोडं देऊन त्रास ओसरू द्यायचा आणि मग वाढवायचं.

दुसरं कारण साध्या हिशोबाचं आहे. सेमाग्लुटाइड आठवड्याभरात साधारण निम्मं उरतं. पुढचं इंजेक्शन या उरलेल्यावर पडतं. बघा :

- पहिला आठवडा : ०.२५
- दुसरा : उरलेलं ०.१२५ अधिक नवं ०.२५, म्हणजे ०.३७५
- तिसरा : सुमारे ०.४४
- चौथा : सुमारे ०.४७

म्हणजे पेनवरचा आकडा तोच असला तरी चौथ्या आठवड्यात शरीरात पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट औषध असतं. तुम्ही काही न करता डोस आपोआप वाढतच असतो. हे चढणं चार-पाच आठवड्यांत थांबतं आणि त्यानंतरच त्या डोसचा खरा अंदाज येतो. चार आठवड्यांची अट इथून येते.

काकूंनी काय केलं? शेजारच्या वहिनी १ मिलिग्रॅमवर होत्या आणि त्यांचं वजन दिसण्याइतकं उतरलेलं. काकूंनी तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या मनाने पेन ०.५ वर फिरवलं. अंगात ०.४४ ऐवजी जवळजवळ ०.६९ झालं, म्हणजे मागच्या आठवड्याच्या पावणेदोन पटींहून जास्त. त्यावर शनिवारी रात्री मुलांबरोबर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन भुट्ट्याचा कीस, गराडू आणि वर मालपुआ. सगळं तळलेलं, तुपातलं, रात्री साडेअकराला, आणि पोट आधीच संथ. रविवारी पहाटेपासून चार उलट्या आणि सडक्या अंड्यासारखे ढेकर.

‘‘अहो, औषध लागूच होत नव्हतं, म्हणून थोडं वाढवलं,’’ काकू मला फोनवर म्हणाल्या.

‘‘काकू, लागू होत होतं. दिसत नव्हतं, एवढंच.’’

डॉक्टरांनी त्यांना पुढचं इंजेक्शन पुन्हा ०.२५ चं द्यायला सांगितलं आणि चार आठवड्यांची मोजणी तिथून नव्याने धरली. मनाने वाढवल्याने वेळ वाचला नाही, तीन आठवडे जास्त गेले.

## टप्पा ४ : ताट पहिल्याच आठवड्यात बदला, मळमळ व्हायची वाट बघू नका

भूक कमी होणं हा औषधाचा परिणाम आहे, मळमळ हा बहुतेक वेळा त्या परिणामाकडे दुर्लक्ष केल्याचा. पोट ‘पुरे’ म्हणतं ते आता तिसऱ्या पोळीऐवजी दीड पोळीवर. आपण मात्र ताटात वाढलेलं टाकायचं नाही या संस्काराने संपवतो. उपाय ताट वाढण्याआधीच करायचा.

एका वेळचं जेवण निम्मं वाढून घ्या आणि वीस मिनिटं लावून खा. पुन्हा घ्यावंसं वाटलं तर दहा मिनिटं थांबून घ्या. घरच्यांना आग्रह करू नका म्हणून एकदाच ठणकावून सांगा. आपल्याकडच्या आग्रहाने जेवढ्या उलट्या झाल्यात तेवढ्या औषधाने झाल्या नसतील.

तेल-तूप पोटात सगळ्यात जास्त वेळ थांबतं. इंजेक्शननंतरचे तीन दिवस कचोरी, समोसा, सेवेचा ढीग घातलेले पोहे, मावा हे बाजूला. पोहे खायचेच तर घरचे, कमी तेलाचे, अर्धी वाटी, सेव चिमूटभर, जिलबी नाही. त्या दिवसांत मऊ आणि कोमट अन्न चांगलं जातं : मुगाची पातळ खिचडी, वरण-भात, दही-भात, गिलक्याची कमी तिखटाची भाजी, इडली. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. रात्रीचं जेवण आठच्या आत.

एक चूक उलट्या बाजूचीही होते. भूकच नाही म्हणून काहीजण दिवसभर चहा-बिस्किटावर काढतात. मग वजनाबरोबर स्नायूही उतरतात आणि रिकाम्या पोटी मळमळ आणखी वाढते. थोडंच खायचं आहे तर आधी डाळ, पनीर, अंडं, घट्ट दही यांना जागा द्या, उरलेल्या जागेत पोळी-भात.

बद्धकोष्ठ होतोच म्हणून धरून चाला. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, जेवताना गटागटा नको. इसबगोल घेतलं तर भरपूर पाण्याबरोबर.

उपासाचं काय, असं दर श्रावणात विचारतात. ग्लिमेपिराइड, इन्सुलिन किंवा डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर निर्जळी किंवा पूर्ण दिवसाचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि साबुदाण्याची तुपात परतलेली खिचडी वर दाण्याच्या कुटासकट म्हणजे उपास नव्हे, या औषधावर ती कचोरीइतकीच जड पडते.

## टप्पा ५ : मळमळ आली तर, आणि ती मळमळ नसेल तर

सौम्य मळमळ डोस सुरू झाल्यावर किंवा वाढल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत येते आणि ओसरते. ती आली की पुढचं जेवण आणखी अर्धं करा, कोमट पाणी किंवा पातळ ताक घोट घोट घ्या, आल्याचा तुकडा चघळलात तरी चालेल. उलटीवरच्या गोळ्या दुकानातून स्वतः आणू नका. ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ वाढतो, आणि गोळी घेऊन तसंच जेवत राहिलं तर मूळ कारण तिथेच राहतं.

चार ओळींची वही ठेवा : टोचल्याची तारीख आणि डोस, मळमळ कितव्या दिवशी, त्याआधी काय खाल्लं, उपाशीपोटीची शुगर. डोस वाढवायच्या निर्णयासाठी डॉक्टरांना हीच वही उपयोगी पडते. ‘‘त्रास होतो हो’’ यातून काही कळत नाही.

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवाल्यांसाठी तपासणी : घाम, थरथर, धडधड झाली तर ती मळमळ समजून आडवे होऊ नका, शुगर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा किंवा जिलबी नको, त्यातलं तूप साखरेला अडवून ठेवतं. काकूंना सहाव्या आठवड्यात दुपारी बारा वाजता ६४ लागली. सकाळी त्यांनी नेहमीच्या दोन पराठ्यांऐवजी अर्धाच खाल्ला होता, ग्लिमेपिराइड मात्र घेतलेलं. त्या आठवड्यात डॉक्टरांनी ते पूर्ण बंद केलं.

उलट्या किंवा जुलाब जोरात असतील आणि पाणीही टिकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, ब्लडप्रेशरच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का ते विचारा. शरीर कोरडं पडलं की किडनीवर ताण येतो, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात कोरडं पडायला एक दुपार पुरते. डापाग्लिफ्लोझिनचा धोका वेगळा आहे. खाणं अगदी कमी झालं तर शुगर फक्त १८०-२०० असतानाही रक्तात कीटोन नावाची आम्लं साठू शकतात. दम लागणं, पोटदुखी, न थांबणाऱ्या उलट्या असं झालं तर ‘शुगर ठीकच आहे’ म्हणून घरी थांबू नका.

खालीलपैकी काही असेल तर पुढचं इंजेक्शन न घेता थेट दवाखान्यात जा :

- पोटात वरच्या भागात जोराची, न थांबणारी कळ, पाठीकडे जाणारी, उलटीसह किंवा उलटीविना
- उजव्या बरगडीखाली दुखणं आणि सोबत ताप किंवा डोळे पिवळे
- नजर अचानक धूसर होणं
- दिवसभरात लघवी अगदी कमी होणं

## टप्पा ६ : डोस वाढवायचा की नाही

चार आठवडे झाले म्हणजे वाढवायलाच हवं असं नाही. चार आठवडे ही कमीत कमी मुदत आहे. ०.२५ वरून ०.५ वर बहुतेकांना जावं लागतं, कारण ०.२५ ने शुगर पुरेशी उतरत नाही. त्यापुढे १ आणि मग २ मिलिग्रॅम ही पायरी फक्त गरज असेल तर.

डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्नांची उत्तरं वहीतून काढून न्या. गेल्या दोन आठवड्यांत मळमळीचे दिवस किती? जेवण अर्धं करूनही ती होते का? शुगर अजून लक्ष्याच्या वर आहे का? शुगर वर आहे आणि पोट शांत आहे, तर वाढवण्यात अर्थ आहे. शुगर वर आहे पण पोट कुरकुरतंय, तर त्याच डोसवर आणखी चार आठवडे काढता येतात. शुगर लक्ष्यात आली असेल तर पोट शांत असलं तरी वाढवायचं कारण राहत नाही.

‘वजन उतरायचं थांबलं, वाढवा’ ही मागणी डायबिटीसच्या पेशंटने करताना जरा दमाने घ्यावी. वजन हे एक कारण असू शकतं, पण तो निर्णय शुगर, किडनी, वय, खाणं हे सगळं बघून होतो.

काकू ०.५ वर गेल्यावर पहिले दोन आठवडे मंगळवार-बुधवारी मळमळल्या, तिसऱ्या आठवड्यात एकच दिवस, चौथ्यात एकदाही नाही. चार आठवडे पुरे झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘आता एक करायचं ना?’’ उपाशीपोटी शुगर तेव्हा १२४-१३० च्या आसपास होती. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. ०.५ वर आठ आठवडे काढून केलेल्या एचबीए१सीत ७.२ आलं आणि वजन ७९ किलो. ५६ व्या वर्षी, ग्लिमेपिराइड बंद असताना, हे पुरेसं चांगलं होतं. काकू अजूनही ०.५ वरच आहेत आणि शेजारच्या वहिनींपेक्षा महिन्याला कमी खर्च करतात, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात.

टिर्झेपटाइडवर असलेल्या बायकांसाठी : गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर औषध सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढल्यावर पुढचे चार आठवडे दुसरं साधनही वापरा. पोट मंदावल्याने गोळी नीट शोषली जात नाही.

## टप्पा ७ : इंजेक्शन चुकलं तर

सेमाग्लुटाइडचा वार उलटून पाच दिवसांच्या आत आठवलं तर घेऊन टाका, त्यापुढे आठवलं तर ते सोडून द्या आणि पुढचं ठरल्या वारी घ्या. टिर्झेपटाइडला ही मुदत चार दिवसांची. ड्युलाग्लुटाइड घेताना पुढच्या वाराला किमान तीन दिवस उरलेले असावेत. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही.

गावाला गेलात, पेन संपलं, आणि दोन किंवा जास्त आठवडे सलग चुकले, तर जुन्या डोसवर परस्पर परत जाऊ नका. वरचा हिशोब उलटा लावून बघा : दोन आठवडे जास्त गेले की अंगात पाव भागच उरतो आणि पोटाची सवयही सुटायला लागते. १ मिलिग्रॅमवर असलेला माणूस महिनाभराने थेट १ घेतो तेव्हा पहिल्यांदाच एवढं घेतल्यासारखं होतं. डॉक्टरांना फोन करा, ते बहुधा एक-दोन पायऱ्या खाली उतरवून पुन्हा सुरू करतील.

ऑपरेशन किंवा बेशुद्ध करून एंडोस्कोपी ठरली असेल तर शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवडाभर आधी सांगा. पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे ‘रात्रीपासून उपाशी’ असूनही आत अन्न असू शकतं. तुम्ही ते सांगितलंत तर किती वेळ उपाशी राहायचं, आणि इंजेक्शन पुढे ढकलायचं का, हे ते ठरवतील.